कच्च्या चिकनचं मॅरिनेड परत वापरायचं का, आणि चिकन नळाखाली का धुवायचं नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिकन मॅरिनेट करून झालं, भांड्यात अर्धी वाटी मसाला उरलाय. तो शिजलेल्या चिकनवर ओतला तर चालेल का?

तसाच नाही. तो मसाला आता कच्चं चिकनच आहे असं समजा. तासन् तास चिकन त्यात पडून होतं, त्याचं पाणी आणि रक्त त्यात उतरलंय आणि चिकनवर जे काही जंतू होते ते त्यात आलेत. कच्च्या कोंबडीवर मुख्यतः दोन जंतू त्रास देतात, कॅम्पिलोबॅक्टर आणि साल्मोनेला. दोन्ही वासाने, रंगाने, चवीने कळत नाहीत, मसाला एकदम फ्रेश दिसतो आणि वासही मस्त येतो.

गंमत अशी की तुम्ही चिकन नीट शिजवता, म्हणजे त्याच्यावरचे जंतू मरतात, आणि मग त्याच्याच कच्च्या अंघोळीचं पाणी परत त्याच्यावर ओतता. एवढी मेहनत वाया.

उकळून वापरलात तर चालतं, पण "उकळणं" म्हणजे नक्की काय ते खाली सविस्तर लिहिलंय कारण तिथेच बरेच जण चुकतात.

पण आम्ही तर उरलेला सगळा मसाला चिकनसकट पातेल्यात घालून रस्सा करतो. ते पण चुकीचं का?

नाही, ते बरोबर आहे. मसाला चिकनबरोबर पहिल्यापासून शिजतोय, रस्सा चांगला उकळतोय, दोघांनाही सारखीच उष्णता मिळतेय, काही प्रॉब्लेम नाही. घोळ होतो तो भाजताना किंवा ग्रिल करताना, जेव्हा चिकन एकीकडे शिजतं आणि मसाला दुसरीकडे कच्चाच राहतो. आणि रस्स्यातही एक गोष्ट सांभाळा, गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधी "अरे भांड्याला थोडा मसाला चिकटलाय" म्हणून पाण्याने खंगाळून आत ओतू नका. ओतायचं असेल तर सुरुवातीलाच ओता.

मसाल्यात लिंबू आहे, दही आहे, मीठ आहे, मिरची आहे. एवढ्यात जंतू मरत नाहीत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि लोकांना उत्तर पटत नाही. आंबटपणामुळे जंतूंची वाढ मंदावते हे खरंय, लोणचं टिकायला त्याचीही मदत होते. पण वाढ मंदावणं आणि मरणं यात खूप फरक आहे. दही किंवा लिंबू मांसावर घातलं की मांसातली प्रथिनं त्यातला आंबटपणा शोषून घेतात, त्यामुळे मिश्रण तुम्हाला वाटतं तितकं आंबट राहत नाही. शिवाय साल्मोनेला बऱ्यापैकी आंबट वातावरणात तग धरतो. मिठाचंही तसंच, चवीपुरतं मीठ त्यांना काही करत नाही आणि मारण्याइतकं मीठ घातलं तर तुम्हीच खाऊ शकणार नाही. मिरची झोंबते ती आपल्या जिभेला.

लिंबाने चिकन वरून पांढरं पडतं आणि शिजल्यासारखं दिसतं, त्यामुळे अजूनच गैरसमज होतो. रंग बदलला म्हणजे जंतू मेले असं नाही.

मग मॅरिनेड परत वापरायची योग्य पद्धत काय? नीट स्टेप बाय स्टेप सांगा.

एक उदाहरणच घेऊ. एक किलो चिकन आहे, त्याला साधारण २५० ग्रॅम दही, आलं-लसूण, तिखट, मीठ, तेल, लिंबू असा मसाला केला. सगळ्यात सोपा आणि माझ्या मते खरा उपाय हा, की चिकन घालायच्या आधीच मसाल्याचा तिसरा हिस्सा वेगळ्या स्वच्छ वाटीत काढायचा, झाकायचा आणि फ्रिजमध्ये ठेवायचा. हा मसाला कच्च्या मांसाला कधी लागलाच नाही त्यामुळे शेवटी वरून घालायला, ब्रशने लावायला, बाजूला चटणीसारखा द्यायला बिनधास्त वापरता येतो. वाटी वरच्या शेल्फवर, चिकनचं भांडं झाकून सगळ्यात खालच्या शेल्फवर, म्हणजे गळलंच तरी दुसऱ्या कशावर पडणार नाही.

आता समजा काढायचं विसरलात आणि भांड्यात अर्धी वाटी मसाला उरलाय. तो छोट्या कढईत घ्या, तितकंच पाणी घाला, आणि दही असेल तर फाटू नये म्हणून एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून त्यात मिसळा. मंद आचेवर ढवळत गरम करा, मग आच वाढवा आणि सगळीकडून खळखळ उकळी येऊ द्या. कडेला बुडबुडे दिसले म्हणून लगेच खाली उतरवू नका. घट्ट मसाल्यात तळाशी वाफ धरते, एखादा बुडबुडा फट् करून फुटतो आणि आपल्याला वाटतं उकळलं, पण मधला भाग अजून कोमटच असतो. म्हणून पाणी घालून पातळ करायचं आणि सतत ढवळायचं. उकळी धरली की ढवळत दोन-तीन मिनिटं तशीच ठेवायची. किचन थर्मामीटर असेल तर मध्ये घालून बघा, ७४ अंश सेल्सियसच्या वर आकडा जायलाच हवा, आणि खरी उकळी असेल तर तो त्याच्या बराच वर जातो.

वर राखाडी फेस आणि बारीक गोळे येतील, ते चिकनमधून उतरलेलं प्रथिन आहे, उष्णतेने गोठलेलं. दिसायला बरं वाटत नाही, गाळून घ्या. उकळून आटतं तेव्हा मीठ जास्त होतं त्यामुळे आधी मीठ घालू नका. आणि चव शेवटी घ्या, उकळून झाल्यावर! कच्च्या मसाल्याची बोटाने चव बघणारे लोक मी बघितलेत.

भाजताना ब्रशने तोच मसाला परत परत लावतो. शेवटी आगीवर आहेच ना?

अर्धं बरोबर आहे. सुरुवातीला लावलेला मसाला चिकनबरोबर बराच वेळ भाजला जातो, तो ठीक. पण शेवटच्या मिनिटाला, "आता झालंच, एक हात मारू" म्हणून लावलेला थर नीट गरम होण्याआधी ताटात येतो. म्हणून चिकन साधारण शिजत आलं की कच्चा मसाला बंद, नंतर फक्त आधी वेगळा काढलेला किंवा उकळलेला. आणि ब्रशही वेगळा! कच्च्या चिकनवर फिरलेला ब्रश त्या स्वच्छ वाटीत बुडवला की ती वाटीही गेली. ब्रशच्या केसांमध्ये मसाला अडकून राहतो आणि नुसतं धुवून पूर्ण निघत नाही, त्यामुळे मला चमच्याने ओतणं जास्त बरं वाटतं.

ज्या ताटात कच्चं चिकन नेलं त्याच ताटात भाजलेलं परत आणायचं नाही हे बहुतेकांना माहीत असतं, पण गडबडीत तेच होतं. दोन ताटं आधीच काढून ठेवा.

उरलेला मसाला फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांनी दुसऱ्या चिकनला लावला तर?

नको. तो टाका. दुसऱ्या चिकनला पहिल्याचे जंतू द्यायचे कशाला, आणि तोपर्यंत त्यातलं रक्त-पाणीही जुनं झालेलं असतं. वीस रुपयाचा असो की दोनशेचा, टाकायचा.

मसाला रात्रभर ओट्यावरच राहिला होता, आता भरपूर उकळला तर चालेल ना?

नाही चालणार, आणि इथे उकळणं पण कामाचं नाही. साधारण ४ ते ६० अंशांच्या मध्ये, म्हणजे खोलीच्या तापमानातही, जंतू भराभर वाढतात, काही तर अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट. त्यातले काही, उदाहरणार्थ आपल्या हातांवर आणि नाकात असणारा स्टॅफिलोकोकस, वाढताना विष तयार करतात, आणि ते विष उकळूनही नष्ट होत नाही. जंतू मरतो, त्याचं विष राहतं. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलं तर टाका, आणि ३२ अंशांच्या वर गरमी असेल तर एकच तास धरा. मॅरिनेट करणं फ्रिजमध्येच, ४ अंश किंवा कमी, आणि चिकन दोन दिवसांच्या आत शिजवून टाकायचं. नाहीतर मसाल्यासकट फ्रीझरला टाका, टिकेल, पण फ्रीझरने जंतू मरतात असं समजू नका, ते नुसते थांबतात आणि बाहेर आले की परत सुरू.

आता मुख्य मुद्दा. चिकन नळाखाली धुवायला काय हरकत आहे? घाण जाते ना?

पाण्याने जंतू जात नाहीत, पसरतात. हे ऐकायला उलटं वाटतं म्हणून जरा नीट सांगतो.

चिकनच्या कातडीला आणि मांसाला घड्या आणि बारीक छिद्रं असतात आणि जंतू त्यात अडकलेले असतात, पाण्याच्या पातळ थरात चिकटून बसलेले. नळाच्या पाण्याने त्यातले थोडे सुटतात, बरेचसे तिथेच राहतात. म्हणजे धुतलेलं चिकनही जंतूंनी भरलेलंच असतं. जे सुटले ते कुठे जातात? ड्रेनमध्ये सगळे जात नाहीत. पाण्याची धार चिकनवर आपटते आणि बारीक थेंब चहूकडे उडतात, सिंकच्या कडेवर, नळावर, शेजारी ठेवलेल्या धुतलेल्या भांड्यांवर, ओट्यावर, तुमच्या शर्टवर. ब्रिटनची आरोग्य सेवा सांगते की हे थेंब ५० सेंटीमीटरपेक्षाही लांब जाऊ शकतात. हात लांब करून बघा, ओट्यावर तेवढ्या अंतरात तुम्ही काय काय ठेवता.

२०२२ मध्ये एक अभ्यास आला होता, त्यात हेच थेंब कुठे आणि कसे उडतात ते बघितलं. दोन गोष्टी त्यात इंटरेस्टिंग होत्या. नळ जितका उंच तितके शिंतोडे जास्त. आणि चिकन मऊ असतं, धार पडते तिथे त्यात खळगा पडतो, आणि त्या खळग्यामुळे पाणी कडक पृष्ठभागापेक्षा जास्त उडतं.

डोळ्याला तर काही शिंतोडे दिसत नाहीत.

हाच तर घोळ. मोठे थेंब दिसतात, बारीक दिसत नाहीत, सुकल्यावर तर काहीच दिसत नाही. बघायचंच असेल तर चिकन नकोच, एखाद्या मऊ स्पंजला पाण्यात कालवलेला खायचा रंग चोळा, सिंकच्या आजूबाजूला पांढरे कागद पसरा आणि नेहमी धुता तसं धुवा. कागदावरचे ठिपके बघून नवरा-बायको-सासूबाई सगळे गप्प होतात, भांडायची गरज पडत नाही.

पण धुतल्यावर सिंक पुसून घेतो ना आम्ही.

पुसता हे चांगलंय पण पुरत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१९ मध्ये एका अभ्यासाचे निष्कर्ष जाहीर केले होते, त्यात लोकांना टेस्ट किचनमध्ये चिकन शिजवायला आणि सोबत सॅलड करायला लावलं, आणि चिकनवर एक निरुपद्रवी जंतू मुद्दाम लावला होता म्हणजे तो कुठे कुठे गेला ते शोधता येईल. ज्यांनी चिकन धुतलं त्यांच्यातल्या ६० टक्के लोकांच्या सिंकमध्ये तो सापडला. त्यांनी सिंक साफ करायचा प्रयत्न केल्यावरही १४ टक्के लोकांच्या सिंकमध्ये तो होताच. आणि २६ टक्के लोकांच्या सॅलडच्या पानांपर्यंत तो पोचला होता.

आता यातली अजून एक गोष्ट जी लोक सांगत नाहीत, ती मी सांगतो. ज्यांनी चिकन धुतलंच नाही त्यांच्यातही ३१ टक्के लोकांच्या सॅलडमध्ये तो जंतू गेला होता! म्हणजे न धुणं हा काही जादूचा उपाय नाही. हात नीट धुतले नाहीत, कच्चं चिकन हाताळून तसंच पानांना हात लावला, तर सिंकची गरजच नाही, हातच पुरेसे आहेत. म्हणून सॅलड, कोथिंबीर, काकडी जे काही कच्चं खायचंय ते आधी कापून झाकून बाजूला ठेवा, आणि चिकन सगळ्यात शेवटी घ्या. क्रम बदलला की अर्धं काम होतं.

आजारी पडायला किती जंतू लागतात? थोडेसे गेले तर काय होणार?

कॅम्पिलोबॅक्टरच्या बाबतीत फार थोडे, काही शे पुरतात, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या एका थेंबात मावतील इतके. साधारण दोन ते पाच दिवसांनी पोट दुखतं, जुलाब, ताप, कधी जुलाबात रक्त. आणि हे दिवसांचं अंतर आहे ना, त्याच्यामुळेच लोकांना कळत नाही. रविवारी चिकन केलं, बुधवारी पोट बिघडलं, आणि नाव येतं मंगळवारच्या बाहेरच्या जेवणावर. त्यामुळे "आम्ही वर्षानुवर्ष धुतोय, कधी काही झालं नाही" हे वाक्य तुम्ही म्हणताय ते खरं असेल किंवा झालं असेल आणि कळलं नसेल.

बहुतेकांना आठवड्यात बरं वाटतं. लहान मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बायका आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांना जास्त त्रास होऊ शकतो. जुलाबात रक्त, ३९ अंशांच्या वर ताप, लघवी कमी होणं, किंवा तीन दिवसांत उतार नाही, असं काही असेल तर घरी वाट न बघता डॉक्टरकडे जा.

मग रक्त, हाडाचे तुकडे, पिसाचे केस, हे तसंच ठेवायचं?

नाही, ते काढा, पण नळाशिवाय. किचन टिशूचा तुकडा घ्या, गरज वाटली तर जरा ओला करा, टिपून घ्या आणि लगेच कचऱ्यात टाका, मग हात साबणाने वीस सेकंद चोळून धुवा. कापडी फडक्याने टिपू नका, ते फडकं नंतर ओट्यावर फिरतं आणि काम झालंच. पिसाचे खुंट चिमट्याने किंवा सुरीने निघतात, जी जागा घाण वाटते तो तुकडा कापून टाका. चिकट आणि वास येणारं चिकन असेल तर ते धुवून चांगलं होत नाही, ते टाकायचं.

मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून ठेवलं तर?

तेच, जंतू मरत नाहीत, आणि आता तुमच्याकडे जंतूंचं एक अख्खं भांडं पाणी आहे जे कुठेतरी ओतायचंय. चवीसाठी मिठाच्या पाण्यात मुरवायचं असेल तर जरूर करा, मांस रसाळ राहतं, फक्त ते स्वच्छता म्हणून करू नका.

घरात धुतल्याशिवाय कोणी खाणारच नाही. काय करू?

भांडण करून हे बदलत नाही, म्हणून नुकसान कमी होईल असं करा. आधी सिंकच्या आजूबाजूची भांडी, स्पंज, फडकी सगळं उचला. एक खोल पातेलं घ्या, त्यात आधी पाणी भरा, नळ बंद करा, मग चिकन हळूच पाण्यात सोडा आणि पाण्याखालीच हाताने हलवा. धार चिकनवर पडू द्यायची नाही. चिकन काढून झालं की पातेलं सिंकच्या जाळीजवळ टेकवून अगदी हळू पाणी सोडा, वरून धाडकन ओतलंत तर परत शिंतोडे. पातेलं आणि हात साबणाने धुवा, मग सिंक साफ करा. हे सगळं करून चिकन काही जास्त स्वच्छ होत नाही, पण घरातल्यांचं समाधान होतं आणि शिंतोडे कमी.

सिंक नक्की कसं साफ करायचं?

लगेच, सुकायच्या आत. आधी गरम साबणाच्या पाण्याने घासा, नळाची मूठ पण, कारण चिकनच्या हाताने तुम्ही तीच फिरवलीत. मग हळू धारेने धुवा. त्यानंतर ब्लीच, साधं, वास न घातलेलं घरगुती ब्लीच, चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा म्हणजे साधारण १५ मिली. ते सिंकवर आणि ओट्यावर लावून काही मिनिटं तसंच ठेवा आणि हवेवर सुकू द्या. क्रम महत्त्वाचा आहे, आधी साबण, मग ब्लीच, कारण चरबी आणि रक्त असलं की क्लोरीन त्यातच संपतं आणि जंतूंना काही होत नाही. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा अॅसिड क्लीनर चुकूनही मिसळू नका, विषारी गॅस तयार होतो.

स्पंजचा मात्र विचार करा, चिकनचं सिंक घासलेल्या स्पंजने ताटं घासायची नाहीत. त्या दिवशी जुना स्पंज वापरून फेकून दिलेला बरा.

चिकन शिजलं हे कसं ओळखायचं? गुलाबी दिसलं तर?

रंगावर विश्वास ठेवू नका, पूर्ण शिजलेलंही हाडाजवळ गुलाबी दिसू शकतं आणि कधी पांढरं दिसणारंही आत कमी शिजलेलं असतं. सगळ्यात जाड भागात थर्मामीटर खुपसा, हाडाला टेकवू नका कारण हाडाचं तापमान वेगळं दाखवतं, आणि ७४ अंश आला की झालं.

कच्च्या मसाल्याचा चमचा नुकताच तोंडात घातला. आता?

चूळ भरा, चमचा धुवा, घाबरू नका, प्रत्येक वेळी आजार होतोच असं नाही. पुढचे पाच-सहा दिवस पोटाकडे लक्ष ठेवा, आणि वर सांगितलेली लक्षणं दिसली तर डॉक्टरला कच्चं चिकन तोंडात गेल्याचं आठवणीने सांगा.